दार बघितल्याशिवाय डबल नाही

लोहाऱ्याच्या हरणाबाईंना आयुष्यात दोनच गोष्टींची भीती वाटायची. एक विंचू आणि दुसरी एसटीची घंटी. विंचवाचं कुणालाही पटेल. घंटीचं मात्र सांगावं लागतं.

त्यांचे मालक राजपाल एसटीत कंडक्टर होते. सरळ माणूस, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. तेव्हा गाडीच्या छताखालून लांब दोरी असायची, तिच्या टोकाला ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटी. ती एकदा ओढली की गाडी थांबायची, दोनदा ओढली की सुटायची. सिंगल आणि डबल. त्या दोरीला हात लावायचा मान एकट्या कंडक्टरचा. उतारूनं फार तर "ओ कंडक्टर, फाट्यावर थांबवा" म्हणून ओरडायचं.

एका बाजारच्या दिवशी नळदुर्गाच्या अलीकडच्या फाट्यावर गाडी थांबली होती. राजपाल मध्येच गर्दीत तिकिटं फाडत अडकलेले. दारातून एक म्हातारी गाठोडं सावरत उतरत होती. तिचा एक पाय पायरीवर, एक हवेत. आणि मागच्या बाकावरच्या एका टग्याला गंमत सुचली. त्यानं दोरीला दोन हिसके दिले. ड्रायव्हरनं डबल ऐकली आणि गाडी सोडली. म्हातारीचा जीव वाचला, पाय गेला.

त्या रात्री राजपाल जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून निवृत्त होईस्तोवर त्यांनी एक रीत पाळली. गाडीत कितीही रेटारेटी असो, दारापर्यंत जायचं, एक पाय खालच्या पायरीवर टाकायचा, कपाळाला आठी घालून खाली वाकून बघायचं आणि मगच दोरी ओढायची. लोक टिंगल करायचे. "काय कंडक्टर, चप्पल पडली का?" राजपाल हसायचे आणि म्हणायचे, "दार बघितल्याशिवाय डबल न्हाय." घरात तर हे वाक्य इतकं मुरलं होतं की मुलगा प्रसेनजित शाळेला निघाला तरी तेच, आणि दूध उतू गेलं तरी तेच. आणि दुसरा नियम त्याहून कडक होता. घरातल्या माणसानं गाडीच्या घंटीला हात लावायचा नाही. हरणाबाईंनी तो जन्मभर पाळला. त्या म्हातारीचं गाठोडं रस्त्यावर सुटलं होतं, त्यातले लाल बोरांचे दाणे चाकाखाली गेले होते, हे मालकांनी एकदाच सांगितलं होतं. ते त्यांच्या डोळ्यांपुढून कधी गेलं नाही.

मालक गेले. तीन वर्षं बाई लोहाऱ्यात एकट्या राहिल्या. मग प्रसेनजितनं हट्टानं त्यांना सिंगापूरला नेलं. तो तिथं एका कंपनीत, सून प्रीती दवाखान्यात नर्स. दोघांच्या कामाच्या वेळा विचित्र, आणि सहा वर्षांची चैताली दुपारी बालवाडीतून आणायची कुणी? आजीनं. नातीसाठी आजी समुद्र ओलांडून आली, यात नवल काही नाही. नवल पुढं आहे.

पहिल्या आठवड्यात प्रसेनजितनं रजा काढून आईला बस शिकवली. "हे बघा आई. आधी स्टॉपवरच्या खांबापाशी उभं राहायचं. आपल्या नंबरची बस दिसली की हात पुढं करायचा, न्हायतर ती थांबत न्हाय."

"येवढं तर म्हाईतच हाय मला," हरणाबाई म्हणाल्या. "हात दाखवल्याबिगर आपली एसटी तरी कुठं थांबती?"

"पुढच्या दारानं चढायचं. ड्रायव्हरजवळ मशीन हाय, त्याला कार्ड लावायचं. टिंग झालं की आत. उतरताना मागच्या दारानं. तिथंबी मशीन हाय, तिथंबी कार्ड लावायचं. ते इसरलात तर पार शेवटच्या स्टॉपपर्यंतचं भाडं कापतंय."

"आन् कंडक्टर?"

"कंडक्टर नसतोय इथं. आपला स्टॉप यायच्या आधी हे लाल बटण दाबायचं. पुढं पाटीवर लाल अक्षरं पेटली की समजायचं, ड्रायव्हरला कळलं."

हरणाबाईंनी मान डोलावली. लाल बटण दांडीदांडीला होतं, हाताशी होतं. त्यांनी हात पदराखाली घेतला. प्रसेनजितला वाटलं, आईला समजलं.

खरं सांगायचं तर बटण दाबायची वेळच त्यांच्यावर आली नाही. जाताना बालवाडी शेवटच्या स्टॉपजवळ. तिथं बस आपोआप थांबायची, सगळेच उतरायचे. आणि येताना चैताली असायची. त्या वयाच्या पोरांना बटणाचं काय वेड असतं! खांबाला लोंबकळून ती वाट बघायची, ओळखीची नारिंगी इमारत दिसली की टिंग! आजी म्हणायच्या, "वाजवा, वाजवा. तुमी आमच्या कंडक्टर." पोरगी फुगून जायची. अशी दुपारमागून दुपार जात राहिली, घरात कुणाला पत्ता नाही की आजीनं त्या बटणाला अजून बोटसुद्धा लावलेलं नाही. वेळ निभावून गेली की माणसाला वाटतं, आपल्याला जमलंय.

आणखी एक गोष्ट होती. चैतालीचं कार्ड गळ्यात दोरीला. ती ते लावायची आणि टुणकन उतरायची. हरणाबाईंचं कार्ड कमरेच्या पिशवीत, पिशवीत पुन्हा रुमाल, रुमालात कार्ड. एसटीचं तिकीट नाही का आपण जपून आत ठेवतो? तपासणीस आला तर काढायचं. एकदा चढताना दाखवलेली वस्तू हातात नाचवत बसणं त्यांना उथळपणाचं वाटे. शिवाय गुडघ्यांमुळे बस पूर्ण थांबल्याशिवाय त्या उठायच्या नाहीत. बस थांबली की उठायचं, पिशवी उघडायची, रुमाल सोडायचा. चैताली खाली उभी राहून ओरडायची, "आजी, लवकर ना!" रोज गर्दी असायची. उतरणारे पाच-सात जण असायचे, तेवढ्यात आजीचं आटपायचं.

त्या दिवशी गर्दी नव्हती.

दुपारीच आभाळ असं काळं झालं होतं की दुकानांतले दिवे लागले. हवा गच्च धरलेली. बालवाडीतून निघतानाच हरणाबाईंना काहीतरी बरं वाटेना. "चल गं लवकर," त्या दोनदा म्हणाल्या. चैतालीनं त्या दिवशी कागदाचा मासा केला होता, तो तिला आजीला सगळ्या बाजूंनी दाखवायचा होता. बसमध्ये पाच-सहा माणसं. पुढं एक म्हातारे चिनी गृहस्थ, मागं एक तमिळ बाई भाजीची पिशवी घेऊन. काचेवर पहिले थेंब आडवे पळायला लागले.

नारिंगी इमारत आली. टिंग. लाल अक्षरं पेटली. बस स्टॉपच्या खाचेत शिरली, दार उघडलं. चैतालीनं कार्ड लावलं आणि मासा उंच धरून उडी मारली. उतरणारं दुसरं कुणीच नव्हतं. हरणाबाई उठल्या, गुडघा धरला, पिशवीत हात घातला. रुमालाला घामानं गाठ बसली होती. त्यांनी नखानं ओढली. ती सुटली आणि तेवढ्यात फुस्स असा आवाज झाला.

दार लागलं होतं.

काचेच्या एका बाजूला हरणाबाई, हातात उघडा रुमाल. दुसऱ्या बाजूला चैताली, हातात मासा. पोरगी आधी हसली. तिला वाटलं, गंमत आहे.

बस लगेच सुटली नव्हती, हे ध्यानात ठेवा. बाजूनं गाड्यांची रांग चालली होती आणि ड्रायव्हर दिवा लुकलुकवत वाट बघत थांबला होता. तेवढा वेळ खूप होता. एक हाक पुरली असती. लाल बटण हरणाबाईंच्या हातापासून वीतभर होतं. पण त्या बघत कुणाला होत्या? कंडक्टरला! इकडं बघितलं, तिकडं बघितलं. चाळीस वर्षांचं वळण अंगात, गाडीत काही झालं तर कंडक्टरकडं बघायचं. हात बटणाकडं निघाला आणि थबकला. एक की दोन? चुकून दोन झाले तर? डोळ्यांपुढं बोरांचे दाणे आले. तोंडातून आवाज आला तो इतका बारीक, "ओ... थांबवा ओ...", की त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही.

रांगेत फट पडली आणि बस सुटली.

चैतालीचं हसू मावळताना त्यांनी बघितलं. पोरगी बसबरोबर चार पावलं धावली. मग पावसाची सर काचेवर आली आणि बाहेरचं सगळं पुसलं गेलं.

आता मात्र हरणाबाई ओरडल्या. "पोरगी! माझी पोरगी ऱ्हायली!" तमिळ बाई दचकून उठली. भाषा कळायची काय गरज होती? तिनं खाड्कन बटण दाबलं, म्हातारे गृहस्थ ड्रायव्हरकडं गेले आणि काहीबाही बोलले. ड्रायव्हरनं आरशातून मागं बघितलं. त्याचाही चेहरा पडला. पण बस तोवर चढावर लागली होती. या स्टॉपनंतर ही बस हमरस्त्याला लागते आणि मैलोन् मैल थांबत नाही. अध्येमध्ये उतरवायला जागाच नाही, दोन्ही बाजूंनी कठडे आणि सुसाट गाड्या. पाटीवरची लाल अक्षरं तेवढी जळत राहिली. थांबणार, थांबणार, असं म्हणत बस पुढंच जात राहिली.

हरणाबाईंनी प्रसेनजितला फोन लावला.

"बाळा, चैताली खाली उतरली. म्या आतच ऱ्हायले."

 त्याचा आवाज आला, शांत, फार शांत. "मी टॅक्सीनं निघालो. लई लांब हाय मी, आई. तुमी पुढच्या स्टॉपला उतरा. रस्त्याच्या पलीकडं जा, पुलावरनं. तीच बस उलटी धरा. हमरस्ता संपला की पहिला स्टॉप आपला. तिथं कुणी उभं नसलं तर बस थांबायची न्हाय. बटण तुमालाच दाबावं लागंल. ऐकताय न्हवं?"

"व्हय."

"आजवर दाबताच की तुमी."

हरणाबाईंनी फोन पिशवीत टाकला. 

पुढच्या स्टॉपला तमिळ बाईनं त्यांना हाताला धरून उतरवलं. उतरताना कार्ड मशिनला लावलं, टिंग झालं, एका फटक्यात. रांडेचं कार्ड, आता बरं वाजलं, असं त्यांना वाटलं. आयुष्यात शिवी न दिलेली बाई, पण मनात दिली. मग लोखंडी पुलाच्या पायऱ्या. गुडघे ओरडत होते, त्यांचं ऐकायला सवड नव्हती. पाऊस पुलाच्या छपरावर ताशासारखा वाजत होता. बुद्धं सरणं गच्छामि, प्रत्येक पायरीला एक शब्द. ज्याला शरण जायचं, तोही त्या पोरीसारखाच मागं राहिलाय की काय, असा एक वेडा विचार आला आणि त्या घाबरल्या.

पुलावरून खाली उतरतात तोच बस आली. नंबर ओळखीचा. हरणाबाई तिथंच, पुलाच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कडेला जाऊन दोन्ही हात हलवायला लागल्या. लोहारा रस्त्याला असा हात केला की एसटीवाला शिव्या देत का होईना, थांबतो. ही बस थांबली नाही. पाणी उडवत त्यांच्या समोरून गेली, थोडं पुढं स्टॉपच्या खांबापाशी क्षणभर थांबली, आणि त्या धावत पोचायच्या आत निघाली. इथं गाडी माणसाला बघून थांबत नाही, खांबाला बघून थांबते. हे प्रसेनजितनं सांगितलं होतं, अगदी पहिल्याच दिवशी.

खांबाला धरूनच त्या उभ्या राहिल्या. कार्ड आता मुठीत, रुमाल कुठं पडला कुणास ठाऊक. चैताली काय करत असेल? बसमागं धावली असेल तर पुढं हमरस्त्याचा चढ. घराकडं निघाली असेल तर मध्ये मोठा चौक. कुणी हाताला धरून नेलं असेल तर? मनाला आवरायचं कसं? मन चिंती ते वैरी न चिंती.

दुसरी बस आली. हरणाबाईंनी हात लांब केला. चढल्या, कार्ड लावलं. बसल्या नाहीत. मागच्या दाराशी दांडी धरून उभ्या राहिल्या. लाल बटण नाकासमोर. बस अर्धी रिकामी, आणि जे होते ते फोनमध्ये मान घालून. यांतलं कुणी आपल्या स्टॉपला उतरणार नाही, हे त्यांना का कोण जाणे आधीच कळून चुकलं.

हमरस्ता संपत नव्हता. काचेबाहेर पाण्याचा पडदा, त्यात दिवे विरघळलेले. मग बस डावीकडं वळली, उताराला लागली, वेग कमी झाला. रोज जाताना त्या याच स्टॉपवर चढायच्या, पण हमरस्त्याकडून बसनं कधीच आल्या नव्हत्या, ओळखीचं काही दिसेना. नारिंगी इमारत पावसात राखाडी झाली होती. हीच का? का पुढची?

हात उचलला. 

"मालक," त्या मोठ्यानं म्हणाल्या, बसमधल्या दोघांनी मान वर केली, "तुमचा नेम मोडते."

आणि त्यांनी बटण दाबलं. एकदा. टिंग. चटका बसल्यासारखा हात झटकन मागं घेतला. लाल अक्षरं पेटली.

बस थांबली, दार उघडलं, कार्ड मुठीतच होतं. हरणाबाई खाली उतरल्या आणि रस्त्यापलीकडं बघितलं.

पलीकडच्या स्टॉपवर, छपराच्या बाहेर, अगदी कडेला, खांबाला टेकून चैताली उभी होती. नखशिखांत भिजलेली. एक हात पुढं केलेला. त्या बघत असतानाच एक बस तिच्यापाशी येऊन थांबली. पुढचं दार उघडलं. पोरगीनं आत वाकून बघितलं, मान हलवली, मागं सरली. बस गेली. पुन्हा हात पुढं. येईल ती बस ती थांबवत होती, आणि प्रत्येक बसमध्ये आजी आहे का बघत होती.

"चैताली!"

पोरगीनं वर बघितलं. चेहरा एकदम रडवेला झाला. आणि ती सरळ आजीकडं निघाली. रस्ता चार पदरी, मध्ये थांबायला कुठं जागा नाही, आणि वळणावरून एक ट्रक दिवे लावून येत होता. तिचा एक पाय फुटपाथवरून खाली उतरला होता.

हरणाबाईंनी उजवा हात सरळ वर केला, पंजा उघडा, जसा फाट्यावर गाडीपुढं करतात. आणि घशातून असा आवाज निघाला की तो त्यांचा नव्हता, राजपाल कंडक्टरचा होता. "थां-ब!"

ट्रक दोघींच्या मधून गेला. लांबलचक ट्रक. तो जाईस्तोवर हरणाबाईंनी हात खाली घेतला नाही. ट्रक सरला तेव्हा पोरगी तिथंच होती, एक पाय खाली, एक पाय वर, खांब घट्ट धरून.

स्टॉपजवळच्या पुलावरून पलीकडं जाऊन त्यांनी तिला उचललं. इतक्या महिन्यांत गुडघ्यांमुळे कधी उचललं नव्हतं. मासा चैतालीच्या मुठीत ओला गोळा झाला होता. ती रडत नव्हती. तेच वाईट होतं. तिनं एवढंच विचारलं, "आजी, मी बेल लवकर वाजवली का?"

"न्हाय गं बाई, न्हाय. तुझी बेल बराबर हुती." हरणाबाई मग तिथंच बाकावर बसून हमसून हमसून रडल्या. टॅक्सीतून प्रसेनजित उतरला तरी त्यांचं रडू थांबलं नव्हतं. त्यानं दोघींना कवेत घेतलं, आईला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी हरणाबाई गेल्या. प्रीती नको म्हणत होती, पण गेल्या. कार्ड गळ्यात, नातीसारखं दोरीला. दार लागलं तर काय ओरडायचं तेही पाठ केलं होतं, इथली माणसं ओरडतात तसं, "ब्याक डोअर!" येताना चैताली बटणापाशी उभी राहिली नाही. ती आजीला चिकटून बसली. नारिंगी इमारत आली.

"वाजवा की, कंडक्टर."

पोरगीनं मान हलवली. मग हरणाबाईंनीच वाजवली, एकदा, आणि बोट तिथंच ठेवलं, घाबरल्या नाहीत.

दार उघडलं. चैतालीनं कार्ड लावलं. पण तिनं उडी मारली नाही. एक पाय खाली टाकला, दुसरा दारातच ठेवला, दोन्ही हातांनी दांडी धरली आणि मान वळवून आजीकडं बघत राहिली. आजी उठल्या, कार्ड लावलं, पायऱ्यांपाशी आल्या. पोरगी हलली नाही. आजीचे दोन्ही पाय जमिनीला लागले, ते तिनं खाली वाकून बघितलं, आणि मगच दारातला आपला पाय काढला.

तिच्या आजोबांना तिनं कधी असं करताना बघितलं नव्हतं. त्यांची ती गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. पण कपाळावर तीच आठी होती, त्या बाजारच्या दिवसानंतर जी राजपालांच्या कपाळावर आली आणि सरणावरसुद्धा गेली नाही. सहा वर्षांच्या कपाळावर. हरणाबाईंनी अंगठ्यानं ती पुसून बघितली, आणि पोरीचा हात धरून त्या घराकडं चालू लागल्या.